बेड चारचं फीड

रात्रीचे सव्वादहा. नागपुरात धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयाचं तळघरातलं स्वयंपाकघर धुऊन पुसून झालंय. मोठी पातेली पालथी घातलीत, फरशी अजून ओली आहे. एका कोपऱ्यातला स्टीलचा ओटा मात्र वेगळा, कोरडा ठेवलेला. नळीवाटे अन्न घेणाऱ्या रुग्णांच्या बाटल्या इथे भरतात. प्रत्येक बाटलीला चिकटपट्टी, पट्टीवर मजला, खाट, वेळ आणि किती मिली. दहाच्या बाटल्या नुकत्याच वर गेल्यात.

आहारतज्ज्ञ म्हणून माझी ही पहिली रात्रपाळी. बहुतेक रुग्णालयांत आमचं काम संध्याकाळी संपतं, रात्री कुणी नसतं. इथे एक जण थांबते. पाळी सोपवून जाताना आमच्या मोठ्या मॅडमनी एकच काम बजावून सांगितलंय. “रात्री स्वतः नवीन काही ठरवू नकोस. वॉर्डातल्या याद्या आणि खालचं रजिस्टर, दोन्ही जुळवून ठेव. आणि यादी नुसती वाचू नकोस, खाटेपाशी जाऊन माणूस बघ.”

तिसऱ्या मजल्यावर सत्तावीस रुग्ण आणि दोन सिस्टर. डिसेंबरची थंडी आहे, खिडक्या बंद. पॅसेजमध्ये नातेवाईक सतरंज्या पसरून आडवे झालेत. मी यादी घेऊन एकेका खाटेपाशी थांबते. मधुमेहाचं जेवण, कमी मिठाचं जेवण, पातळ आहार, नळीचं फीड. सगळं जुळतंय. खाट १९ समोर यादीत लिहिलंय ‘एनबीएम’, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही.

खाटेवर साठीतले एक काका आहेत. उजवा हात पांघरुणावर जसा ठेवला असेल तसाच पडलाय. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळलाय. आणि नाकात नळी आहे.

मी यादीकडे बघते, पुन्हा नळीकडे बघते. पोटात गेलेली रायल्स ट्यूब आहे ही. पोट रिकामं करायला घातलेली असती, तर तिला खाली पिशवी लावलेली असती. इथे टोकाला बूच आहे. म्हणजे नळी आत काहीतरी देण्यासाठी आहे. मग खाली ओट्यावर या खाटेची बाटली का नव्हती?

उशाशी स्टुलावर काकू बसल्यात. काटोलकडच्या आहेत, संत्र्याची बाग आहे. मी विचारते, “काकू, यांना नळीतून काय काय देतात?”

“औषध देते जी सिस्टर. गोळी कुटून, पाण्यात घालून.”

“आणि दूध, पेज, पावडरचं काही?”

“नाही जी. डाक्टरांनी सांगतलं, काहीच देऊ नका. मी घोटभर पाणीबी देल्लं नाही.” हे सांगताना त्यांच्या आवाजात एक काळजी आहे, आपण सांगितलेलं सगळं पाळलंय ना याची. मग जरा पुढे वाकून त्या म्हणतात, “पण हे मघापासून तोंडाकडे बोट करून राहिले. भूक लागून राहिली असंल का?”

काकांना बोलता येत नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा तुटला की बहुतेकांची उजवी बाजू जाते आणि पुष्कळदा भाषाही जाते. समोरचं थोडंफार कळतं, पण शब्द बाहेर येत नाही. भूक लागली, गरगरतंय, घाम फुटलाय, यातलं काहीच ते सांगू शकणार नाहीत. डावा हात तेवढा उचलतात आणि बोट ओठांपाशी नेतात.

“शेवटचं जेवण कधी झालं होतं यांचं?”

“रविवारी दुपारी. एक वाजता असंल. तेबी अर्धी भाकर अन् वरण. पंधरा दिवसांपासून जेवणच कमी झालं होतं त्यायचं, दाढ दुखून राहिली होती.”

आज बुधवार आहे. रात्रीचे साडेदहा वाजून गेलेत. ऐंशी तासांहून जास्त वेळ झाला.

तरी मी लगेच कुणाला काही म्हणत नाही. कदाचित फीड चालू असेल आणि काकूंना कळलं नसेल. कदाचित मुद्दाम थांबवलं असेल, त्यालाही कारणं असतात. याचं उत्तर खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदावर असतं. शरीरात किती गेलं आणि किती बाहेर आलं याचा तो तक्ता. मी तो काढून उजेडात धरते. शिरेतून सलाइन तासाला ७५ मिली, दिवसाला १८०० मिली. ‘आरटी’च्या रकान्यात सकाळी ३० मिली, दुपारी ३०, रात्री ३०. पुढे बारीक अक्षरात ‘मेडिसिन’. काल दुपारपासून त्या रकान्यात याखेरीज दुसरा आकडा नाही.

साध्या सलाइनमध्ये पाणी आणि मीठ असतं. त्यात एकही कॅलरी नाही. बाटली लटकलेली दिसते, थेंब पडताना दिसतात, म्हणून घरच्या माणसांना वाटतं की काहीतरी पोषण चाललंय. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली असती तरी लिटरभरातून १७० कॅलरीच मिळाल्या असत्या, दीड-दोन पोळ्यांएवढ्या. इथे तेवढंही नाही.

आता केस पेपर. मागून पुढे वाचत येते. रविवारी संध्याकाळी सहाला शेतातून घरी आल्यावर तोंड वाकडं झालं. गाडी मिळेपर्यंत, गावातल्या दवाखान्यातून पुढे पाठवेपर्यंत रात्रीचे साडेअकरा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ निघून गेली होती. सोमवारी गिळण्याची तपासणी. चमच्याने पाणी दिलं, तिसऱ्या चमच्याला आवाज ओला, घोगरा झाला. म्हणून तोंडाने बंद. संध्याकाळी नळी घातली, नाकपुडीपाशी खूण ५७ सेंमी. मंगळवारी सकाळी एक्स-रे, नळी जागेवर. आणि मंगळवारी दुपारी एक वाजता मेंदूविकारतज्ज्ञांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: नळीतून फीड सुरू करा, आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

आदेश आहे. जवळपास दीड दिवस जुना आहे. त्याच्या खालची नोंद साडेतीनची: आयसीयूतून तिसऱ्या मजल्यावर हलवले. हलवतानाच्या कागदावर आहाराच्या ओळीत सोमवारचा ‘एनबीएम’ जसाच्या तसा उतरलाय. मंगळवारच्या आदेशाचा त्या कागदावर मागमूस नाही.

त्याच पानावर मला दुसरी एक गोष्ट दिसते, आणि तिथे माझे हात गार पडतात. काकांना मधुमेह आहे. दोन रात्री त्यांना ग्लारजिनचे १२ युनिट दिलेत. हे इन्सुलिन दिवसभर हळूहळू काम करतं, पोटात अन्न असो वा नसो. साखरेचे आकडे एकाखाली एक लिहिलेत. सोमवारी सकाळी २३६. मंगळवारी १८८. आज सकाळी १३१, संध्याकाळी सहाला १०४, रात्री दहाला ८४. सुटा बघितला तर यातला कुठलाच आकडा घाबरवणारा नाही. उलट साखर आटोक्यात येतेय असंच कुणीही म्हणेल. पण जोडून वाचले की सरळ उतार दिसतो. खालून अन्नाचा आधार नसताना हा उतार थांबणार कशाने? आणि औषधाच्या ट्रेमध्ये खाट १९ची इन्सुलिनची पेन आजच्या डोससाठी काढून ठेवलीय.

“सिस्टर, १९चं इन्सुलिन दिलं का?”

“देतेच आहे. पाच नंबरची सलाइन बदलते आणि येते.”

“दोन मिनिटं थांबाल का? यांना फीड मिळत नाहीये.”

सिस्टर वयाने माझ्या आईएवढ्या. हातातलं काम न थांबवता म्हणतात, “ट्यूब आहे ना बेटा, फीड चालूच असेल.” मी तक्ता त्यांच्यासमोर धरते. त्या आधी आरटीचा रकाना बघतात, मग पान मागे उलटतात. मग ट्रेमधून पेन उचलतात आणि परत फ्रिजमध्ये ठेवतात. “आरएमओ सरांना लाव फोन,” म्हणतात. “कॅज्युअल्टीत आहेत.”

इन्सुलिन थांबवणं माझ्या अधिकारात नाही, फीड सुरू करणंही नाही. पण फोनवर काय सांगायचं ते माझ्या हातात आहे. धावपळीतल्या डॉक्टरला ‘जरा बघता का’ एवढंच सांगितलं तर ते जेव्हा जमेल तेव्हा येतात. मी कागदावर चार वाक्यं लिहून मगच नंबर फिरवते. “सर, तिसरा मजला, खाट १९, डाव्या बाजूच्या स्ट्रोकचे रुग्ण. रविवारी दुपारपासून अन्न शून्य. मंगळवारी दिलेला फीडचा आदेश वॉर्डात पोचलेलाच नाही. रात्री दहाची साखर ८४ आहे आणि ग्लारजिन १२ युनिट द्यायची वेळ झालीय, सिस्टरनी थांबवून ठेवलंय. तुम्ही येऊन पाहाल का?”

पलीकडे क्षणभर शांतता. “इन्सुलिन देऊ नका. आलो.”

मी खाटेपाशी परत येते तर शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा मुलगा हातात पेला घेऊन उभा. संत्र्याचा रस. तो मनापासून म्हणतो, “मॅडम, साखर कमी होतेय म्हणता ना? मग चमचा चमचा पाजू. ठसका लागला तर थांबवू.” काकूंचा हात पेल्याकडे जातो. स्वतःच्या बागेत पिकतं ते फळ, आणि नवरा चार दिवसांचा उपाशी. त्यांना नको म्हणताना मलाही जड जातं.

पण नकोच. गिळताना श्वासनलिका मिटते आणि घास मागे अन्ननलिकेत जातो. स्ट्रोकमध्ये हा मेळ बिघडतो. त्यात घशाची जाणीवही गेलेली असेल, तर रस फुप्फुसात उतरतो आणि ठसका लागतच नाही. बघणाऱ्याला वाटतं, छान प्याले. दोन दिवसांनी ताप चढतो, श्वास वाढतो आणि न्यूमोनिया निघतो. ठसका लागला नाही म्हणजे नीट गेलं, असं स्ट्रोकच्या रुग्णाबाबत कधीही धरू नये. सोमवारी काकांचा आवाज ओला झाला होता, तो हाच इशारा. मी काकूंना एवढंच सांगते, “तोंडाने नाही काकू. पण आज रात्रीच पोटात जाईल, नळीतून.” त्या पेला त्या मुलाच्या हातात परत देतात.

आरएमओ सर येतात ते जिन्याने, धापा टाकत. साखर पुन्हा तपासतात. ७९. काकांच्या कपाळाला हात लावून बघतात, घाम नाही. २५ टक्के डेक्स्ट्रोज उशाशी आणून ठेवायला सांगतात, दर तासाला साखर बघायला सांगतात. मग माझ्याकडे वळतात. “तुम्ही काय म्हणता? जेवढं राहिलं तेवढं भरून काढायला हवं ना?”

याच प्रश्नाची मी मनात तयारी करत होते. काका आयसीयूत खाटेवरच्या काट्यावर ५२ किलो भरलेत. झोपलेल्या माणसाची उंची हाताच्या लांबीवरून काढतात. छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेपासून मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यापर्यंत टेप धरायची. काकांच्या डाव्या, चांगल्या हातावर ती ७९ सेंमी भरलीय. पुरुषांसाठीच्या सूत्राने उंची येते १६८. त्यावरून बॉडी मास इंडेक्स १८.४, म्हणजे सडपातळच्याही खाली. त्यात पंधरा दिवस अर्धपोटी आणि गेले चार दिवस पूर्ण उपाशी.

अशा माणसाला दिवसाच्या तेराशे-पंधराशे कॅलरी आज रात्रीपासून ओतायला लागलो, तर तो त्याने मरूही शकतो. उपाशी शरीर चरबी जाळून जगायला लागतं आणि पेशींमधला फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा साठा हळूहळू आटतो. रक्तातले आकडे मात्र ठीक दिसत राहतात. मग अचानक भरपूर अन्न आलं की शरीर इन्सुलिन सोडतं आणि ही सगळी द्रव्यं रक्तातून पेशींमध्ये ओढली जातात. रक्तात ती इतकी कमी पडतात की हृदयाचा ठोका चुकू लागतो, श्वासाचे स्नायू थकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांमधून सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर जेवू घातल्यावर काही जण दगावले, तेव्हा डॉक्टरांच्या हे नीट लक्षात आलं. यालाच रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

“किलोला दहा कॅलरी, सर,” मी म्हणते. “दिवसाच्या ५२०. दर तीन तासांनी ६५ मिली, आठ वेळा. आमच्या पावडरमध्ये एका मिलीला एक कॅलरी पडते. पहिल्या फीडच्या आधी थायामिनचं इंजेक्शन द्यावं लागेल. आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आत्ता पाठवून सकाळी पुन्हा बघायला हवं.”

“फारच कमी नाही का?”

“दोन दिवस. आकडे टिकले की वाढवत नेऊ. चार ते सात दिवसांत पूर्ण.”

सर क्षणभर विचार करतात आणि लिहायला घेतात. थायामिन का, हे त्यांना सांगावं लागत नाही. ग्लुकोज वापरायला शरीराला हे जीवनसत्त्व लागतं आणि उपासमारीत ते फार लवकर संपतं. ते नसताना साखर दिली तर मेंदूला नवी इजा होऊ शकते. आधीच इजा झालेल्या मेंदूला आम्ही ती देणार नाही.

मग सर नळीकडे वळतात. नाकापाशी चिकटपट्टी सैल झालीय. वाकून ते खूण वाचतात आणि चुकचुकतात. ५२. सोमवारी ५७ होती. नळी पाच सेंमी बाहेर सरकलीय, बहुधा काकांनीच ओढली असेल. टोक अजून पोटात असेलही, अन्ननलिकेत आलं असेलही. सिस्टर हातात मोठी सिरिंज घेऊन विचारतात, “हवा मारून ऐकू का?” पुष्कळ वॉर्डांत हीच रीत आहे. नळीतून हवा सोडायची, पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा, गुडगुड ऐकू आली की नळी पोटात आहे असं समजायचं. पण नळी फुप्फुसात किंवा अन्ननलिकेत असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. पोटातलं पाणी ओढून त्याची आम्लता बघता येते, ती ५.५ किंवा त्याहून कमी आली तर ग्राह्य धरतात. काकांना मात्र आम्ल कमी करणारं इंजेक्शन चालू आहे, त्यामुळे त्या पट्टीचाही भरवसा नाही. सर नळी जपून ५७पर्यंत आत सारतात, नवी पट्टी लावतात आणि पोर्टेबल एक्स-रे मागवतात.

यात अर्धा तास जाणार. साखर घसरत असताना हा अर्धा तास फार मोठा वाटतो. पण दुसरी वाट नाही. नळी कुठे आहे हे कळल्याशिवाय तिच्यातून थेंबही सोडायचा नाही.

थायामिन शिरेतून चालू होतं. मी पावडर काढायला खाली जाते आणि जाताना मनातला दुसरा प्रश्न घेऊन जाते. मंगळवारचा आदेश गेला कुठे? आयसीयूतून तो स्वयंपाकघरात आला असणार. मी फीडचं रजिस्टर उघडते. मंगळवार, दुपारी चार: ‘आयसीयू, बेड ४, मधुमेही फीड.’ शेजारी वेगळ्या शाईत: ‘परत. बेड ४ एनबीएम.’ सहा वाजता पुन्हा तीच नोंद, परत. आठ वाजता पुन्हा, परत. मग बेड ४वर आडवी रेघ आणि ‘आयसीयू सिस्टरच्या सांगण्यावरून बंद’.

रात्रीच्या पाळीचे भाऊ सांगतात, “मीच नेलं होतं मॅडम आठ वाजता. तिथे एक बाई होत्या, रक्ताची उलटी झालेल्या. सिस्टर बोलल्या, यांना काही चालत नाही, कशाला पाठवता सारखं सारखं?”

सगळं समजतं. आदेश एक वाजता लिहिला, बाटली चारला तयार झाली. मधे साडेतीनला काका वर गेले आणि त्यांच्या जागी दुसरी रुग्ण आली. फीडचा आदेश माणसाच्या नावावर नव्हता, खाटेच्या नंबरावर होता. माणूस हलला, आदेश तिथेच राहिला. आयसीयूच्या सिस्टरनी बाटली परत केली ते बरोबर होतं. नसती केली तर त्या बाईंच्या जिवावर बेतलं असतं. स्वयंपाकघराने ऐकून बंद केलं, तेही बरोबर. वॉर्डाने हलवण्याच्या कागदावरचा एनबीएम पाळला. दिवसा फेरी मारणाऱ्या आहारतज्ज्ञाकडे एनबीएमच्या रुग्णांची यादी जातच नाही, कारण त्यांना जेवण नसतं. डॉक्टरांनी नळी बघितली, त्यांना वाटलं आपला आदेश पाळला जातोय. नळीतून गोळ्या जात होत्या, त्यामुळे ती वापरात असल्यासारखीच दिसत होती. प्रत्येकाच्या हातातलं काम नीट झालं आणि चौकशी करायची जबाबदारी मात्र कुणाच्याच वाट्याला आली नाही. मला हे भयंकर वाटतं, कारण यात रागवायलाही कुणी सापडत नाही.

पावणेबाराला एक्स-रे होतो. सर पडद्यावर बोटाने नळीची रेघ धरतात. ती छातीत मधोमध सरळ उतरते, श्वासनलिका जिथे दुभागते तिथे कुठल्याच बाजूला वळत नाही, पडद्याच्या स्नायूखाली जाते आणि तिथे डावीकडे झुकते. पोटात आहे. साखर आता ७४.

सिस्टर खाटेचं डोकं वर उचलतात, पस्तीस-चाळीस अंशांवर. मी उकळून गार केलेल्या पाण्यात मोजून पावडर कालवते. डब्यासोबत आलेलाच चमचा, सपाट भरलेला. दाट झालं तर नळी तुंबते आणि जुलाब होतात, पातळ झालं तर कॅलरीचं गणित खोटं ठरतं. घरून डाळीचं पाणी, दूध आणि रवा मिक्सरमधून काढून आणलं तर चालेल का, असं नातेवाईक नेहमी विचारतात. चालतं, पण नळीत अडकणार नाही असं गाळायला लागतं, दोन तासांत वापरायला लागतं आणि त्यात नेमकं किती गेलं हे सांगता येत नाही. आज रात्री मला नेमकं किती ते हवंच आहे.

बारा वाजून वीस मिनिटं. सिस्टर सिरिंजचा दांडा काढून बाजूला ठेवतात, नुसती नळकांडी नळीला जोडतात आणि वीतभर उंच धरतात. मी ६५ मिली ओतते. दाबून ढकलायचं नसतं, वजनानेच हळूहळू उतरू द्यायचं. पातळी एकेक रेघ खाली सरकते. काका छताकडे बघतायत. काकू पदर तोंडाला लावून सिरिंजकडे बघतायत. दहा मिनिटं लागतात. मग ३० मिली पाणी, नळी धुऊन निघण्यासाठी. बूच लावलं जातं. तक्त्यावर आरटीच्या रकान्यात सिस्टर लिहितात: फीड ६५, पाणी ३०.

“एवढंच जी?” काकू विचारतात. “चार दिवसांचे उपाशी आहेत. पोटभर द्या न.”

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसते. पंधरा मिनिटं आम्ही तेवढ्यावरच बोलतो. बागेला पाण्याचा ताण दिल्यावर एकदम भरपूर पाणी सोडत नाहीत, हे त्याच मला सांगतात. आंबिया बहारासाठी झाडं तहानलेली ठेवतात, मग पहिलं पाणी हलकं देतात. “असंच हाय म्हणता?” असंच आहे, मी म्हणते. मग त्यांना पटतं. एक तास डोकं वरच ठेवायचं, खाली करायचं नाही, हे मी दोनदा सांगते आणि त्या दोन्ही वेळा मान हलवतात.

दीड वाजता साखर ९२. दोनला रक्ताचे अहवाल येतात. पोटॅशियम ३.५, फॉस्फेट २.८, मॅग्नेशियमही ठीक. सर फोनवर विचारतात, “नॉर्मल आहे सगळं. वाढवायचं का?” मी नाही म्हणते. हे फीडच्या आधीचे आकडे आहेत. घसरण झालीच तर ती अन्न सुरू झाल्यावर होते, पहिल्या दोन-तीन दिवसांत. आजचा नॉर्मल अहवाल म्हणजे उद्याची हमी नव्हे. “मग सकाळी परत,” सर म्हणतात.

तीन वीसला दुसरं फीड. साखर १०८.

त्या दोन फीडच्या मधल्या वेळात मी एका गोष्टीचा विचार करत बसते. हे तीन-चार दिवस काकांना किती महागात पडतील? स्ट्रोकनंतर नळीचं फीड लवकर सुरू करावं की आठवडाभर थांबावं, याचा मोठा अभ्यास २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. ८५९ रुग्ण होते. लवकर फीड मिळालेल्यांत मृत्यू ५.८ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता येईल इतका पक्का नव्हता. अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, सात दिवसांच्या आत सुरू करा. म्हणजे चार दिवसांचा उशीर तेवढ्यानेच जीव घेणारा नाही. आधीच कृश शरीर, अंगात चालू असलेलं इन्सुलिन आणि न बोलता येणं, हे तिन्ही एकत्र आलं म्हणून तो जीवघेणा होत होता. रात्री साडेदहाला ते १२ युनिट अंगात गेले असते, तर पहाटे काका झोपेतच बेशुद्ध झाले असते. आणि सकाळी कुणीतरी म्हटलं असतं, स्ट्रोक वाढला.

सकाळी सहा वीसला तिसरं फीड. काकांचं बोट ओठांकडे जात नाही. मी त्यावरून काही निष्कर्ष काढत नाही, ते झोपेत आहेत. सकाळचं फॉस्फेट २.४, जरा उतरलंय. सर शिरेतून भरपाई लिहितात आणि फीड आहे तेवढंच ठेवायला सांगतात.

आठला मोठ्या मॅडम येतात. मी नोंदीचा फॉर्म भरून ठेवलाय, त्यात कुणाचं नाव नाही, फक्त वेळा आहेत. एक वाजता, साडेतीन, चार, सहा, आठ. त्या उभ्यानेच वाचतात आणि मला घेऊन मेट्रनकडे जातात. अर्ध्या तासात तीन गोष्टी ठरतात. फीडच्या पट्टीवर खाटेच्या आधी रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक येईल. हलवण्याच्या कागदावर एक नवी ओळ येईल: शेवटचं फीड किती वाजता, किती मिली. ती रिकामी असेल तर रुग्ण वॉर्डात घ्यायचा नाही. आणि एनबीएमच्या प्रत्येक रुग्णाची यादी रोज सकाळी आहारतज्ज्ञाकडे येईल.

तुमच्या घरचं कुणी रुग्णालयात असेल, बोलू शकत नसेल आणि नाकात नळी असेल, तर नळी दिसते म्हणून निश्चिंत होऊ नका. सलाइन लटकतंय म्हणूनही नको. रोज एकदा सिस्टरना विचारा, आज नळीतून फीड किती मिली गेलं आणि शेवटचं कधी गेलं. एका खोलीतून दुसरीकडे हलवलं, तर पोचल्या पोचल्या विचारा. आणि चोवीस तासांचं उत्तर शून्य आलं, तर त्याचं कारण कुणीतरी सांगेपर्यंत तिथून हलू नका.